कंपनी अवसायनात गेल्यावर कामगारांचा हक्क: एक खुलासा

“कंपनी दिवाळखोरीत गेली की आधी बँक सगळे पैसे घेते, कामगाराला उरले तरच मिळतात.”

हे खरे नाही. दिवाळखोरी संहिता, 2016 च्या कलम 53 नुसार प्रक्रियेचा खर्च वजा झाल्यावर कामगारांची 24 महिन्यांपर्यंतची देणी आणि तारणावरचा हक्क सोडून सामाईक निधीत आलेली बँक एकाच पायरीवर उभी असतात. पैसे अपुरे पडले, तर दोघांची कपात एकाच प्रमाणात होते.

समजा, रबाळ्यातील एका कारखान्याच्या विक्रीतून 10 कोटी आले आणि 1 कोटी खर्चात गेले. बँकेचे येणे 8 कोटी, कामगारांचे 4 कोटी. उरलेल्या 9 कोटींतून प्रत्येकाला रुपयामागे 75 पैसे, म्हणजे बँकेला 6 कोटी आणि कामगारांना 3 कोटी मिळतील. कार्यालयीन कर्मचाऱ्यांचा 12 महिन्यांचा पगार मात्र पुढच्या पायरीवर असल्याने त्यांच्या हाती काहीच येणार नाही, आणि माझ्या मते या व्यवस्थेतील सर्वांत बोचणारी बाब हीच आहे. त्यांच्याही मागे विनातारण धनको आणि अगदी शेवटी भागधारक असतात.

बँकेने तारण न सोडता ते स्वतः विकले, तर कामगारांसाठी निधी आटतो. त्यामुळे बँकेने कोणता पर्याय निवडला, हे कंपनीची मालमत्ता विकून पैसे वाटणाऱ्या अवसायकाला आधी विचारावे. कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीतील रक्कम या वाटपात धरलीच जात नाही.