हिरोइनवर खापर फोडून निबंध होत नाही

मीडिया इफेक्ट्सच्या निबंधांचा गठ्ठा दरवर्षी माझ्याकडे येतो आणि निम्म्याहून जास्त निबंधांत पहिल्याच पानावर एक ठरलेलं वाक्य असतं: सेलिब्रिटींचे फोटो बघून मुलींना न्यूनगंड येतो. त्याच्या खाली आधाराला फेस्टिंगर. मूळ लेख वाचलेला असता तर त्याच जागी अडखळायला झालं असतं.

लिऑन फेस्टिंगरने 1954 मध्ये सामाजिक तुलनेचा सिद्धांत मांडला तो मतं आणि क्षमता यांच्याबद्दल. रूप त्यात नंतरच्या लोकांनी आणलं. त्याचं म्हणणं असं, की मोजायला बाहेरची पट्टी नसली की माणूस स्वतःला दुसऱ्याशी ताडून बघतो. आणि दुसरा आपल्यापासून जितका लांबचा, तितकी ही ओढ कमी. नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर क्रिकेट खेळणारा पोरगा आपली बॅटिंग शेजारच्या नेटमधल्या पोराशी तोलतो, कसोटीवीराशी नाही. हा हिशोब धरला तर हिरोइनपेक्षा वर्गातल्या मैत्रिणीचा फोटो जास्त टोचायला हवा.

खरंच टोचतो का? ऑस्ट्रेलियातल्या ब्राऊन आणि टिगेमन या दोघींनी 2016 च्या अभ्यासात नेमकं हेच तपासलं. कॉलेजात शिकणाऱ्या 138 मुलींचे तीन गट केले. एका गटाला इन्स्टाग्रामवरच्या सेलिब्रिटींचे फोटो, दुसऱ्याला तितक्याच आकर्षक पण अनोळखी साध्या मुलींचे, तिसऱ्याला प्रवासातली दृश्यं. पहिल्या दोन्ही गटांचा मूड उतरला, शरीराबद्दलची नाराजी वाढली, आणि दोन्ही गटांत फरक काही आढळला नाही. फोटो बघताना मुलींनी मनात किती तुलना केली, त्यातून हा परिणाम होत होता.

इथे घाईने ‘फेस्टिंगर चुकला’ असं लिहू नका. इन्स्टावर हिरोइनसुद्धा घरच्या आरशासमोर, केस विस्कटलेली, चहाचा कप घेऊन दिसते. लांबची बाई जवळची वाटायला लागते. हा माझा अर्थ आहे, अभ्यासाने सिद्ध केलेला नाही. शिवाय प्रयोगातल्या त्या ‘साध्या’ मुली अनोळखीच होत्या. कॉलेज रोडला रोज जिच्याबरोबर चहा पितो, तिच्या फोटोचं काय होतं, हे त्यातून कळत नाही.

दुसरा अभ्यास मला जास्त आवडतो, कारण त्याचा निकाल अपेक्षेसारखा सरळ नाही. फार्डुली आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये 112 स्त्रियांपैकी काहींना दहा मिनिटं स्वतःचं फेसबुक चाळायला दिलं, काहींना एका मासिकाची साइट, काहींना रूपाशी संबंध नसलेली साइट. फेसबुकवाल्यांचा मूड त्या तिसऱ्या गटापेक्षा खालावला, पण शरीराबद्दलच्या एकूण नाराजीत गटागटांत फरक नव्हता. मात्र ज्यांना मुळातच रूपाची तुलना करायची सवय, त्यांना फेसबुकनंतर चेहरा, केस आणि त्वचा यांत जास्त काहीतरी बदलावंसं वाटलं. चेहरा, केस, त्वचा! आपले निबंध मात्र ‘झिरो फिगर’च्या पुढे सरकत नाहीत.

पटत नसेल तर गंगापूर रोडवरच्या एखाद्या वायनरीत काढलेला ग्रुप फोटो मुली कशा बघतात ते बघा. आधी दोन बोटांनी स्वतःचा चेहरा मोठा करतात, मग शेजारणीचा, मग परत स्वतःचा. कंबर त्या फोटोत मुळी नसतेच, सेल्फी खांद्यापर्यंतच येतो. आणि ज्या घरात स्थळाच्या बायोडेटात अजून ‘वर्ण’ लिहितात, तिथल्या मुलीची नजर आधी कुठे जाणार? त्वचेचा रंग हा आपल्याकडचा वेगळा धागा आहे, तो परदेशी अभ्यासातून आयता मिळणार नाही, इथेच काम करावं लागेल.

काम म्हटलं की गुगल फॉर्म येतो. ‘इन्स्टावर किती तास?’ आणि ‘स्वतःच्या शरीरावर समाधानी आहात का?’ दोन आकडे एकत्र वर-खाली झाले की निष्कर्ष तयार. अरे, जिला आधीच चेहऱ्याची काळजी आहे तीच जास्त वेळ तसले फोटो शोधत बसत असेल तर? बाण उलटाही असू शकतो. म्हणून तर प्रयोगात गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडतात. प्रयोगाचीही मर्यादा आहे: काही मिनिटांच्या बघण्यानंतर लगेच विचारलेलं उत्तर म्हणजे वर्षभराचा परिणाम नव्हे, आणि ते दोन्ही अभ्यास फक्त स्त्रियांवरचे. जिममधल्या मुलग्यांचे बायसेप्स त्यात नाहीत.

तेव्हा यंदा फॉर्म काढणार असाल तर तासांचा प्रश्न उडवला तरी चालेल. शेवटचे पाच फोटो कोणाचे पाहिले, ती व्यक्ती ओळखीची की अनोळखी, आणि बघताना स्वतःशी ताडून पाहिलं का, एवढं विचारा. मुलग्यांनाही पाठवा. सबमिशनची तारीख वाढणार नाही.