आठवड्याचा आकडा कशासाठी? एका प्रतिक्रियेला उत्तर

«डाउन पेमेंटचे ९ लाख ४० हजार चार वर्षांत जमवायचे म्हणून आठवड्याला ४,५१९ रुपये बाजूला टाका, हे गणित पाचवीतल्या पोराचं आहे. पगार महिन्याला येतो, आठवड्याला नाही. आणि चार वर्षांनी नाशिकमध्ये तो फ्लॅट ३५ लाखांना कोण देणार?»

नमस्कार. भागाकारावर तुम्ही बोट ठेवलंत ते योग्यच आहे. घराच्या डाउन पेमेंटसाठी आठवड्याचे, महिन्याचे आणि वर्षाचे बचतीचे टप्पे सांगणाऱ्या माझ्या लेखातून तो आकडा मी आज काढला. माझ्याच घरी असा सरसकट भागाकार केला होता, तेव्हा जूनमध्ये शाळेची फी आली आणि ३२ हजारांसाठी आरडी मोडावी लागली. आठवड्याचा टप्पा मात्र ठेवतोय, कारण त्याचं काम वेगळं आहे.

आधी रक्कम पाहू. उदाहरण माझ्या आतेभावाचं. राहतो पाथर्डी फाट्याला, नोकरी सातपूरला, दोघांचा मिळून पगार ७२ हजार. घर तयार, पूर्णत्वाचा दाखला मिळालेलं, म्हणून जीएसटी नाही. ३५ लाखांवर बँक ८० टक्के देईल, तेव्हा पदरचे ७ लाख. मुद्रांक शुल्क ६ टक्के म्हणजे २ लाख १० हजार आणि नोंदणीचे ३० हजार. हे दोन्ही बँक घराच्या किमतीत धरत नाही, ते खिशातूनच जातात. (नोंदणी फक्त वहिनीच्या नावावर केली तर शुल्क १ टक्का कमी. भाऊ अजून विचार करतोय!)

आता भाववाढ. वर्षाला ५ टक्के धरली तर चार वर्षांनी तेच घर साडेबेचाळीस लाखांचं होतं आणि पदरची रक्कम ११ लाख ४० हजारांच्या घरात जाते. तेच खरं लक्ष्य. त्यातले १ लाख एफडीत आहेत. दिवाळीचा बोनस दरवर्षी ३५ हजार धरला, म्हणजे १ लाख ४० हजार झाले. उरलेले ९ लाख पगारवाढीबरोबर चढत्या हप्त्याने: पहिल्या वर्षी महिन्याला १५ हजार, मग साडेसतरा, वीस आणि साडेबावीस. पगार जमा झाला की दुसऱ्याच दिवशी पैसे आरडीत. व्याज हिशोबात धरलेलं नाही, ते चुकलंमाकलं भरून काढायला. पहिल्या वर्षाअखेर ३ लाख १५ हजार दिसले पाहिजेत.

तर आठवड्यात बचत करायचीच नाही. तिथे मोजायचा तो हाताला सुटणारा खर्च: भाजी, पेट्रोल, बाहेरचं खाणं. त्यांचे महिन्याला ११ हजार ठरलेत. इथे एक फसगत होते. चारने भागलं तर आठवड्याला २,७५० येतात, पण वर्षात आठवडे ४८ नसून ५२ असतात. त्या हिशोबाने वर्षाला ११ हजार जास्त जातात, म्हणजे अख्ख्या महिन्याची रक्कम. म्हणून त्यांनी २,५०० ठरवले. ते वेगळ्या खात्यात टाकतात आणि फोनवरून तिथूनच खर्च करतात. आठवडा बुधवारी सुरू होतो, कारण गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात सर्वात मोठी खरेदी होते.

मध्ये सलग तीन बुधवार पाचशेच्या आसपास कमी पडले. एकदा पडले असते तर सोडून दिलं असतं, पण तिसऱ्यांदा शोध घेतला. शिफ्ट बदलल्याने कंपनीची बस चुकत होती, भाऊ दुचाकीने जात होता आणि पेट्रोलला पैसे लागत होते. ही उधळपट्टी नव्हती, मग काटकसरीचा उपदेश कशाला करायचा? शिफ्ट बदलेपर्यंत तीन महिने आरडीऐवजी बचत खात्यात १३ हजारच ठेवले आणि राहिलेले ६ हजार हिशोबात न धरलेल्या व्याजातून भरायचे असं वहीत लिहून ठेवलं. महिनाअखेरीची वाट पाहिली असती तर हेच क्रेडिट कार्डाच्या बिलात कळलं असतं.

तुमच्या घराच्या किमतीच्या प्रश्नाचं उत्तर एप्रिलच्या टप्प्यात आहे. १ एप्रिलला रेडी रेकनरचा, म्हणजे मालमत्तेच्या सरकारी मूल्यदरांचा, नव्या वर्षाचा तक्ता येतो. शुल्क करारातली किंमत आणि रेकनरची किंमत यांत जी जास्त असेल तिच्यावर लागतं. शिवाय त्याच सोसायटीतले नोंदलेले व्यवहार नोंदणी विभागाच्या इंडेक्स टू उताऱ्यात पाहता येतात. होर्डिंगवरचा भाव किंवा «कुंभमेळ्यापर्यंत दुप्पट होणार» म्हणणारा ब्रोकर यात धरायचा नाही. समजा पहिल्या एप्रिलला तसाच फ्लॅट ३६ लाख ७५ हजारांऐवजी साडेअडतीसला गेलेला दिसला. मग लक्ष्य ११ लाख ९० हजारांवर जातं. पन्नास हजारांची तूट उरलेल्या ३६ महिन्यांत वाटली तर महिन्याला साधारण १,४०० जास्त, म्हणजे साडेसतराऐवजी १८,९००. ते झेपत नसेल तर तेव्हाच ठरवायचं: घर सहा महिने पुढे ढकलायचं की एक खोली कमी घ्यायची. भावाने सहा महिन्यांचा पर्याय आधीच लिहून ठेवलाय, वहिनीला मात्र खोली कमी चालणार नाही.