मशीन वर्षाच्या मधे विकलं तर घसाऱ्याचं काय? एका फॉरवर्डला उत्तर

"घसारा कायम घटत्या शिल्लकेनेच लावा. त्यात एकूण घसारा जास्त मिळतो, मशीन विकताना नेहमी नफाच होतो आणि कर वाचतो. सरळ रेषेत तोटा ठरलेला. आणि वर्षाच्या मधे विकलं तर त्या वर्षाचा घसारा लावायचाच नसतो."

हा मेसेज उद्यमबाग, मच्छे भागातल्या वर्कशॉपवाल्यांच्या ग्रुपवर फिरतोय आणि निपाणीपासून खानापूरपर्यंत वह्या लिहिणाऱ्या पोरांकडेही पोचलाय. बेळगावात जॉबवर्क करणाऱ्याचा बराचसा पैसा मशीनमध्येच अडकलेला असतो, त्यामुळे हा हिशेब चुकला की सगळा ताळेबंद चुकतो. म्हणून एकच उदाहरण घेऊन शेवटपर्यंत जाऊ.

एका वर्कशॉपने 1 एप्रिल 2021 ला 10,00,000 रुपयांचं सीएनसी लेथ घेतलं आणि 30 सप्टेंबर 2024 ला कोल्हापूरच्या गिऱ्हाइकाला 5,80,000 ला विकलं. दोन्ही रकमा जीएसटी सोडून धरल्या आहेत, कारण ज्या जीएसटीचं क्रेडिट घेतलं तो मशीनच्या किमतीत येत नाही. सोपं जावं म्हणून सरळ रेषेला 10 टक्के आणि घटत्या शिल्लकेला 20 टक्के दर घेऊ.

सरळ रेषेत दर वर्षी मूळ किमतीवर 1,00,000 जातात. 31 मार्च 2024 ला वहीत 7,00,000 उरले. पुढे एप्रिल ते सप्टेंबर या सहा महिन्यांचे 50,000 गेले, म्हणजे विक्रीच्या दिवशी पुस्तकी किंमत 6,50,000. मिळाले 5,80,000. तोटा 70,000.

घटत्या शिल्लकेत दर वर्षी उरलेल्या रकमेवर 20 टक्के जातात, म्हणून 10 लाखांचे आधी 8,00,000, मग 6,40,000, मग 5,12,000 झाले. सहा महिन्यांचा घसारा काढताना 20 टक्के या 5,12,000 वरच लावायचे आणि त्याचे निम्मे करायचे. ते 51,200 होतात. इथे बरेच जण सवयीने मूळ 10 लाखांवर दर लावतात आणि पुढचं सगळं बिघडतं. पुस्तकी किंमत 4,60,800 आली, म्हणजे नफा 1,19,200.

आता "घसारा जास्त मिळतो" हे तपासू. सरळ रेषेत तीन वर्षांचे 3,00,000, सहा महिन्यांचे 50,000 आणि तोटा 70,000, असे एकूण 4,20,000 खर्ची पडले. घटत्या शिल्लकेत तीन वर्षांत 4,88,000 आणि सहा महिन्यांत 51,200 पडले, त्यातून 1,19,200 नफा वजा केला की पुन्हा 4,20,000. दोन्हीकडे आकडा एकच येतो, आणि तो यायलाच हवा, कारण 10 लाखांना घेतलेलं मशीन 5,80,000 ला गेलं की फरक तेवढाच. पद्धत फक्त ठरवते की त्यातला किती भार कोणत्या वर्षावर पडायचा. आधीच्या वर्षांत जास्त घसारा लावला म्हणून विक्रीच्या वर्षी तो नफ्याच्या रूपाने परत आला. त्या 1,19,200 ला धंद्याची कमाई समजून कोणी भागीदारांत वाटून टाकू नये. नफा-तोटा पत्रकातही तो विक्रीच्या उत्पन्नात घालायचा नसतो, वेगळा दाखवायचा असतो.

"नेहमी नफाच" हेही खरं नाही. हेच लेथ त्याच दिवशी 4,20,000 ला गेलं असतं तर घटत्या शिल्लकेतही 40,800 चा तोटा आला असता. शिवाय मशीन जुनं होत गेलं की दोन्ही पद्धतींचे आकडे एकमेकांना ओलांडतात. नऊ वर्षं पुरी झाल्यावर सरळ रेषेत 1,00,000 उरतात, घटत्या शिल्लकेत 1,34,218. त्या दिवशी 1,20,000 ला विकलं तर सरळ रेषेत 20,000 नफा आणि घटत्या शिल्लकेत 14,218 तोटा, म्हणजे फॉरवर्डच्या बरोबर उलट. नफा की तोटा हे त्या दिवसाची पुस्तकी किंमत आणि मिळालेला भाव यांच्यावर ठरतं.

विक्रीच्या वर्षाचा घसारा हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तो अर्धा खरा आहे आणि म्हणूनच पसरतो. आयकरात प्रत्येक मशीनचा वेगळा हिशेब नसतो, एका दराच्या मालमत्तांचा एकच ब्लॉक असतो. साध्या यंत्रसामग्रीला दर 15 टक्के, तोही घटत्या शिल्लकेवर. समजा वर्षाच्या सुरुवातीला ब्लॉक 18,00,000 चा होता आणि त्या वर्षी नवी खरेदी नाही. लेथ विकल्याचे 5,80,000 त्यातून वजा करायचे, उरलेल्या 12,20,000 वर 1,83,000 घसारा घ्यायचा, संपलं. विकलेल्या मशीनचा त्या वर्षी वेगळा घसारा नाही, आणि नफा-तोटाही नाही. विक्रीची रक्कम ब्लॉकपेक्षा जास्त झाली किंवा ब्लॉकमध्ये एकही मशीन उरलं नाही, तरच अल्पकालीन भांडवली नफ्या-तोट्याचा प्रश्न येतो. 180 दिवसांपेक्षा कमी वापर असेल तर अर्धा दर, हा नियम खरेदीच्या वर्षाचा आहे. तो विक्रीला लावू नका.

यातच "कर वाचतो" याचंही उत्तर आलं. वहीत कोणतीही पद्धत ठेवा, करपात्र उत्पन्न काढताना वहीतला घसारा आणि विक्रीचा नफा-तोटा बाजूला काढून आयकराचा घसारा स्वतंत्र धरतात. सरळ रेषेची मुभा तिथे वीजनिर्मिती करणाऱ्या धंद्यांनाच आहे. लेथवाल्याला वहीतली पद्धत बदलून कराचा एक रुपयाही वाचत नाही.

वहीचा नियम मात्र वेगळा आहे. कंपनी असेल तर 2013 च्या कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात स्पष्ट लिहिलंय की घसारा विक्रीच्या तारखेपर्यंत, त्या प्रमाणात लावायचा. प्रोप्रायटर आणि भागीदारीनेही तेच करावं. न लावल्यास काय होतं? सरळ रेषेत 50,000 घसारा आणि 70,000 तोटा याऐवजी सगळे 1,20,000 तोटा म्हणून दिसतात. वर्षाचा निव्वळ नफा बदलत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण सहा महिने त्या लेथवर जे जॉब निघाले त्यांच्यावर मशीनचा खर्च शून्य पडतो, आणि त्याच कॉस्टिंगवर पुढचा जॉबरेट ठरवला तर रेट कमी लागतो.

याहून मोठी चूक म्हणजे आयकराची ब्लॉकची रीत जशीच्या तशी वहीत आणणं. विक्रीचे 5,80,000 नुसतेच मशीन खात्याला जमा करतात, आणि लेथ कोल्हापूरला गेलं तरी सरळ रेषेत खात्यावर 1,20,000 शिल्लक राहतात. त्यावर पुढे वर्षानुवर्षं घसारा लागत राहतो. घटत्या शिल्लकेत तर 68,000 ची जमा बाकी दिसते, जी मालमत्तेच्या खात्यावर असूच शकत नाही. विक्रीच्या तारखेपर्यंतचा घसारा आधी टाका, मग मशीनची मूळ किंमत आणि साठलेला घसारा दोन्ही मशीन-विक्रीच्या वेगळ्या खात्याला वळते करा. विकलेल्या लेथच्या नावाने वहीत शून्य आलं पाहिजे. मार्चअखेर मालमत्तेची यादी हातात घेऊन शॉपफ्लोरवर एक फेरी मारली, तर यादीत असलेली आणि जागेवर नसलेली मशीन लगेच सापडतात.