थैली मोजू नका, सही करा

निवडणुकीची ड्यूटी लागली ना? अभिनंदन. आदेश रद्द करून घ्यायचा विचार सोडून द्या. कंबरदुखी, घरातलं लग्न, सासूबाईंचा मोतीबिंदू ही कारणं आधीच्या मंडळींनी वापरून वापरून गुळगुळीत केली आहेत. पीठासीन अधिकारी म्हणून जायचंच आहे, तर निदान सामग्रीच्या बाबतीत माझा सल्ला घेऊन जा. मी तीन निवडणुका काढल्यात आणि तिन्ही वेळा सामग्री परत करणाऱ्यांच्या रांगेत शेवटच्या पाचांत होतो. असा अनुभव फुकट मिळत नाही.

आपल्या इंदूरला सामग्री नेहरू स्टेडियमवर मिळते. मांडव, भोंगा, धूळ. तुम्ही पी-वनला, म्हणजे पहिल्या मतदान अधिकाऱ्याला शोधताय, पी-वन पी-टूला शोधतोय आणि पी-थ्री कुठे आहे हे कुणालाच माहीत नाही. अशा वेळी काउंटरवरचा भैया तुमच्या हातात थैली ठेवतो, वर छापील यादी ठेवतो आणि म्हणतो, "मिला लीजिए सर, और साइन कर दीजिए." या वाक्याचा पहिला अर्धा भाग केवळ शिष्टाचार आहे. तुम्ही दुसरा अर्धा ऐका.

मोजणारे लोकही असतात म्हणा. आमच्या शेजारच्या मतदान दलातल्या एका बाईंनी चक्क सतरंजी अंथरली, थैली उलटी केली आणि यादीवर पेन्सिलीने टिकमार्क करत बसल्या. कंट्रोल युनिट, बॅलट युनिट, व्हीव्हीपॅट, तिघांचे नंबर वाचले. पेट्यांच्या पत्त्याच्या टॅगवर आपल्याच केंद्राचा क्रमांक आहे ना, तेही पाहिलं. मग हिरवी पेपर सीलं, स्पेशल टॅग, स्ट्रिप सील, व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्यांच्या डबीचं गुलाबी सील, या सगळ्यांवर नंबर असतो म्हणून एकेक नंबर यादीशी ताडला. एका सीलचा शेवटचा आकडा चुकलेला निघाला. बाईंनी तिथल्या तिथे तो दुरुस्त करून घेतला, पण त्यात दहा मिनिटं गेली आणि बसमधली खिडकीची जागाही गेली. काय मिळवलं?

हिरव्या सीलबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण माझी सगळी कीर्ती त्यावरच उभी आहे.

दिसायला ती कागदाची पट्टी. कंट्रोल युनिटमध्ये रिझल्टचा जो कप्पा आहे, त्याच्या आतल्या झाकणात ती बसवायची. त्या झाकणाखाली क्लिअरचं बटण असतं आणि रिझल्टचं बटणही. पट्टी अशी बसते की मतमोजणीच्या दिवशी कागद फोडल्याशिवाय रिझल्टच्या बटणापर्यंत बोट पोचत नाही. पांढऱ्या बाजूवर तुमची सही, उमेदवारांच्या हजर असलेल्या एजंटांच्या सह्या, आणि मग झाकण बंद करून दोऱ्याने स्पेशल टॅग. म्हणजे एकदा हे झालं की क्लिअर दाबायचं असेल तर सगळं उपटून काढावं लागतं. लक्षात ठेवा, किंवा माझी पद्धत वापरणार असाल तर नका ठेवू.

मतदान सातला, तर मॉक पोल म्हणजे चाचणीचं मतदान साडेपाचला. कमीत कमी 50 मतं टाकून दाखवायची, प्रत्येक उमेदवाराला थोडी थोडी, आणि नोटालाही. नोटाला विसरू नका. 2024 च्या लोकसभेत इंदूरकरांनी त्याला 2,18,674 मतं दिली आहेत. त्याचा एजंट येत नसला तरी गावात त्याचा मान आहे. मतं झाली की क्लोज, मग रिझल्ट, एजंटांबरोबर आकडे ताडायचे, मग ती मतं पुसायला क्लिअर. प्रशिक्षणात याला सीआरसी म्हणतात आणि इतक्या वेळा म्हणतात की शेवटी ते एखाद्या खोकल्याच्या औषधासारखं वाटायला लागतं. त्यानंतर यंत्र बंद करून व्हीव्हीपॅटमधल्या चिठ्ठ्या काढायच्या, प्रत्येकीच्या पाठीवर मॉक पोलचा शिक्का मारायचा, काळ्या लिफाफ्यात घालून तो सील करायचा, लिफाफा प्लॅस्टिकच्या डबीत आणि डबीवर गुलाबी सील. सुरू केल्याबरोबर यंत्र स्वतःच्या तपासणीच्या सात चिठ्ठ्या टाकतं, त्याही त्यातच निघतात. तेव्हा 57 चिठ्ठ्या पाहून 'सात मतं कुणी जास्त टाकली' म्हणून एजंटांची झडती घेऊ नका. मी घेतली होती.

त्या झडतीत वीस मिनिटं गेली. बाहेर रांग लागलेली, सात वाजायला आलेले. मी झपाझप हिरवी पट्टी बसवली, सह्या घेतल्या, टॅग बांधला, त्यावर लाख ओतून पितळी मोहोर दाबली आणि एखादा दागिना घडवल्यासारखा मागे सरून पाहू लागलो. तेवढ्यात पी-टू म्हणाला, "सर, सीआरसी किया था ना?"

टोटल दाबलं. 50.

तो बोलला नसता तर काय झालं असतं? दिवसभर मतं त्या पन्नासच्या वर चढत गेली असती, संध्याकाळी यंत्राची बेरीज मतदारांच्या रजिस्टरशी जुळली नसती, आणि मोजणीच्या दिवशी माझं यंत्र बाजूला ठेवून, विजयी मताधिक्य किती आहे ते पाहून त्याचं काय करायचं ते ठरलं असतं. थैलीत एकापेक्षा जास्त हिरवी सीलं का देतात, हे मला त्या क्षणी कळलं. सरकार तुम्हाला ओळखून असतं. मी टॅग तोडला, पट्टी टराटरा फाडली, क्लोज, रिझल्ट, क्लिअर ओळीने दाबलं, टोटल शून्य दाखवतेय हे एजंटांना दाखवलं, दुसरी पट्टी लावली. फाटलेल्या पट्टीचा बोळा केला आणि भिरकावला. ही शेवटची कृती काळजीपूर्वक लक्षात ठेवा.

लेखनसामग्रीची चिंता करू नका, थैलीत सगळं असतं. टाचण्या, ब्लेड, दोरा, डिंक, स्टॅम्प पॅड, कार्बन, लाख, मेणबत्ती. काडेपेटीही असते. लाख वितळवताना पंखा चालू ठेवा, म्हणजे मेणबत्ती विझत राहील आणि काड्या संपतील. मग एजंटांमध्ये विडी ओढणारा कोण, हे बघत फिरायचं. जाणकार लोक स्वतःचा लायटर नेतात, पंखा बंद करतात आणि गरम लाख यंत्रावर ठिबकू नये म्हणून टॅगखाली पुठ्ठ्याचा तुकडा धरतात. फार चोखंदळ असतात.

शाईची बाटली जेमतेम बोटभर. ती एखाद्या डबीत वाळू भरून त्यात अर्ध्याहून जास्त खोचून उभी ठेवतात, म्हणजे कलंडत नाही. आम्ही ती रजिस्टरवर उभी ठेवली. दुपारपर्यंत पी-टूची पाचही बोटं निळी झाली होती. लोकसभेला छप्पन दुकानवाले सकाळी बोटावरची शाई दाखवणाऱ्यांना पोहे-जलेबी फुकट देत होते. त्या हिशेबाने त्याच्या पाच प्लेटी झाल्या असत्या, पण तो सांवेर तहसिलीतल्या एका शाळेत टेबलाला खिळलेला.

तुमच्या स्वतःच्या गरजांचं? यादीत त्याला रकाना नाही. यंत्र बॅटरीवर चालतं, तेव्हा खोलीत वीज नसली तरी लोकशाहीचं काही अडत नाही. अडतं ते तुमच्या मोबाइलचं. दर दोन तासांनी मतदानाचा आकडा त्यावरूनच कळवायचा असतो. अतिशहाणे लोक एक्स्टेन्शन बोर्ड, टॉर्च, ओडोमॉस, चादर, पट्टेवाली चप्पल, साबण, रोजच्या गोळ्या आणि दोन दिवस टिकतील असे ठेपले नेतात. तुम्ही नुसती शेव न्या. रात्री गावातला कुणी पुढारी 'मराठी साहेब आलेत' म्हणून थाळी पाठवेल. ती कुठल्या पक्षाची आहे ते विचारावं लागतं, आणि कुठल्याही पक्षाची निघाली तरी परत पाठवावी लागते. मी परत पाठवली. वरणाला फोडणी लसणाची होती, हे अजून आठवतं.

संध्याकाळी शेवटच्या मतानंतर क्लोजचं बटण. मग प्ररूप 17ग, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी सतरा-सी. रजिस्टरमध्ये किती जण, मत न देता परत गेले किती, यंत्रात किती, जुळतं की नाही. त्याची सही केलेली प्रत प्रत्येक हजर एजंटाला द्यायची, म्हणून कार्बन. आमचे आकडे जुळले. मी खुशीत होतो, त्यामुळे त्याच कागदाच्या तळाशी पेपर सीलांचा हिशेब असतो तो घाईत भरला. मिळाली किती, वापरली किती, न वापरता परत किती, खराब झाली किती. खराब झालेलं सीलही परत करायचं असतं.

रात्री अकरा, पुन्हा स्टेडियम. काउंटरवरच्या बाईंनी पितळी मोहोर घेतली, हिरवे लिफाफे घेतले, पिवळे घेतले, पीठासीनची डायरी चाळली, आणि सतरा-सीच्या तळाशी बोट ठेवलं.

"सीलं मिळाली चार. वापरलं एक, परत दोन." त्या मराठी निघाल्या, रामबागच्या असाव्यात, पण त्याने फरक पडला नाही. "चौथं कुठाय?"

"खराब झालं."

"मग द्या ना."

मी त्यांना समजावलं की कागदाचा तुकडाच आहे. त्यांनी मला समजावलं की नंबर असलेला कागदाचा तुकडा आहे, आणि तो उद्या दुसऱ्या कुठल्या यंत्रावर दिसला तर सही कोणाची आहे ते त्यांच्याकडे लिहिलेलं आहे. मला बाजूला बसवलं. माझ्यामागची दलं पावत्या घेऊन जाऊ लागली. सतरंजीवाल्या बाई माझ्याकडे न पाहता गेल्या, हे त्यांचं चांगुलपण. मी थैली तीनदा झटकली. शेव पडली.

बारा वाजून गेल्यावर पी-थ्री चहा पिऊन आला. पुऱ्या दोन दिवसांत तो चार वाक्यं बोलला असेल. काय झालं ते ऐकून घेतलं आणि शर्टाच्या खिशातून घडी घातलेली हिरवी पट्टी काढली. बोळा नीट उलगडून, तळहाताने सपाट केलेली.

"सर, आपने फेंका था. नंबर लिखा था इस पर, तो रख लिया."

बाईंनी नंबर यादीशी ताडला, पावती फाडली आणि ती पुढे करताना त्याच्याकडे बघत विचारलं, "पीठासीन आप हैं?"