पत्ता दिला नाही म्हणजे काहीच दिलं नाही, असं नसतं

“बायोत घरचा पत्ता आणि फोन नंबर तेवढा टाकू नका. बाकी शहर, मुलांची नावं, कंपनी, हुद्दा बिनधास्त लिहा. हे सगळं कुठे ना कुठे आधीच नेटवर असतं. लपवण्यासारखं काही नसेल तर घाबरायचं कशाला? उलट अर्धवट बायो बघून लोक फेक समजतात.”

परिषदांमध्ये बोलायला येणाऱ्यांचे परिचय संपादित करणं हे माझं काम. एखाद्या परिचयातली ओळ मी कापली की हा मेसेज मला फॉरवर्ड होऊन येतोच. म्हणून एकदाच सविस्तर उत्तर लिहून ठेवतेय.

पहिल्या दोन वाक्यांतली चूक सगळ्यात मोठी आहे, आणि ती चटकन दिसत नाही. तपशील एकेकटा घातक आहे का, एवढंच तिथे बघितलंय. प्रत्यक्षात माणूस सापडतो तो तपशिलांच्या बेरजेतून. याचं गाजलेलं उदाहरण 1990च्या दशकातलं आहे. अमेरिकेतल्या मॅसेच्युसेट्स राज्यात सरकारी कर्मचाऱ्यांच्या आजारपणाच्या नोंदी संशोधनासाठी उपलब्ध करून दिल्या गेल्या. त्यातून नावं आणि पत्ते काढले होते. जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड मात्र तसाच राहिला होता. लटान्या स्वीनी ही तेव्हा विद्यार्थिनी होती. तिने केंब्रिज शहराची मतदारयादी 20 डॉलरला विकत घेतली, कारण राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड तिथेच राहत होते. त्यांच्या जन्मतारखेचे त्या यादीत सहा जण निघाले. त्यातले पुरुष तीन. आणि त्यांच्या पिनकोडमधला एकच. झालं, गव्हर्नरसाहेबांच्या दवाखान्याच्या नोंदी हातात आल्या.

शहर, कंपनी, हुद्दा आणि मुलांची नावं यांची गाळणी अशीच चालते. मोठ्या शहरात लाखो लोक राहतात, त्यामुळे नुसतं शहर लिहिलं तर तुम्ही गर्दीतच असता. त्या शहरातल्या अमुक कंपनीत काम करणारे काही शे. त्यातल्या खरेदी विभागात वीसेक. दोन मुलांची अमुक नावं असलेली त्यात एकच. पत्ता न लिहिताही घराचा दरवाजा बराच जवळ आणून ठेवला की.

आता “आधीच नेटवर असतं” याबद्दल. असतं, हे खरं. पण पाच ठिकाणी विखुरलेलं असणं वेगळं, आणि तुम्ही स्वतः एका ओळीत बांधून खरं म्हणून दिलेलं असणं वेगळं. विखुरलेल्या माहितीत शोधणाऱ्याला सारखी शंका असते: ही तीच बाई, की त्याच नावाची दुसरी? बायो ती शंका फुकटात मिटवते. याची एक उलटी बाजूही आहे, आणि सावध माणसंही तिथेच फसतात. एका ठिकाणी कंपनी लिहायची नाही, दुसऱ्या ठिकाणी कुटुंबाबद्दल बोलायचं नाही, असं ठरवतात. पण दोन्हीकडे युजरनेम तेच आणि फोटोही तोच. मग गाळलेलं सगळं परत जोडता येतं. म्हणून काय वगळायचं हे एकेका बायोपुरतं ठरवून उपयोग नाही. एकाच नावाने किंवा फोटोने जोडल्या जाणाऱ्या सगळ्या बायो शेजारी शेजारी ठेवून वाचायच्या.

लपवण्यासारखं काही नसण्याचा मुद्दा मला सगळ्यात कमी पटतो. बायोत मुलांची नावं लिहिणारी आई स्वतःबद्दल लिहीतच नसते. ती माहिती मुलांची आहे आणि त्यांना कुणी विचारलेलं नसतं. शिवाय गैरवापर करणाऱ्याला तुमचं गुपित लागतच नाही, साधी खरी माहिती पुरते. 2008 साली अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सेरा पेलिन यांचं खाजगी ईमेल खातं एका कॉलेजच्या विद्यार्थ्याने उघडलं. त्याने पासवर्ड फोडला नाही. ‘पासवर्ड विसरलात?’ या सोयीतून आत गेला. विचारलं होतं ते जन्मतारीख, पिनकोड आणि नवऱ्याशी ओळख कुठे झाली एवढंच, आणि उत्तरं उघड्यावर पडलेली होती. आता बऱ्याच सेवांनी असे प्रश्न बंद केलेत, पण ‘आईचं माहेरचं आडनाव’ अजून पुरतं गेलेलं नाही.

कंपनीच्या तपशिलाचा धोका वेगळ्या जातीचा असतो. माझ्याकडे आलेल्या एका परिचयातली ओळ, ओळख पटू नये म्हणून थोडी बदलून, अशी होती: “मागच्याच महिन्यात अमुक कंपनीच्या वित्त विभागात रुजू, तमुक यांच्या टीममध्ये.” वाचायला किती साधी. पण फसवणाऱ्याच्या नजरेने वाचून बघा. कंपनीचं नाव कळलं की ईमेलचा साचा कळतो. बहुतेक ठिकाणी नाव, टिंब, आडनाव एवढाच तो असतो. साहेबांचं नाव ओळीतच आहे. आणि ‘मागच्याच महिन्यात’ म्हणजे साहेब कसे लिहितात, काय मागतात, याचा या व्यक्तीला अजून अंदाज नाही. मग साहेबांच्या नावाने मेल येतो: मीटिंगमध्ये आहे, फोन करू नकोस, हे पेमेंट तेवढं तातडीने कर. नव्या माणसाला उलट विचारायचा संकोच असतो, त्यावरच सगळा खेळ. ती ओळ मी “वित्त क्षेत्रात कार्यरत” अशी केली. बाई थोड्या नाराज झाल्या, मग हसल्या.

राहिलं विश्वासाचं. इथे मेसेजमध्ये तथ्य आहे, नाकारण्यात अर्थ नाही. काहीच न सांगणारा परिचय खरंच संशयास्पद वाटतो. पण विश्वास कशाने बसतो ते बघा. व्याख्यानाला आलेल्या श्रोत्याला या विषयावर बोलायचा या माणसाचा अधिकार काय, एवढंच हवं असतं. “बारा वर्षं पाणीपुरवठ्याच्या यंत्रणांचं डिझाइन” हे त्याला पुरतं आणि ते कामावरून पडताळताही येतं. मुलांच्या नावांनी त्यात काडीची भर पडत नाही. तुम्ही संस्थेच्या वतीने बोलत असाल तर संस्थेचं नाव लिहायलाच हवं, ते लपवणं अप्रामाणिक ठरेल. अशा वेळी मी ते नाव ठेवते आणि बाकीचे तपशील सैल करते: शाखा काढते, रुजू झाल्याची तारीख काढते, वरिष्ठांचं नाव काढते, कुटुंबाचा उल्लेख तर अख्खाच. भेटीच्या वेळा जुळवण्यासाठी शहर दिलं असेल तर प्रदेश किंवा टाइमझोन लिहून भागतं. स्वतंत्र काम करणाऱ्याला गिऱ्हाईक शहरावरूनच शोधत असेल, तर उलटं: शहर राहू दे, बाकीचं जाऊ दे.

एक अडचण मात्र माझ्या कात्रीच्या बाहेरची आहे. आज बदललेला परिचय कालचा पुसत नाही. जुन्या कार्यक्रमांची पानं तशीच असतात, वेबॅक मशीनसारख्या संग्रहांत त्यांच्या प्रती असू शकतात. ब्राउझरच्या खाजगी खिडकीत आपल्या जुन्या परिचयातलं एखादं अख्खं वाक्य अवतरणचिन्हांत टाकून शोधा. मी माझं शोधलं तेव्हा आठ वर्षांपूर्वीच्या एका कार्यक्रमाच्या पानावर मुलीचं नाव आणि तिची इयत्ता सापडली. आयोजकांना लिहिलं, त्यांनी दोन दिवसांत काढलं. त्या पानाची प्रत दुसऱ्या एका साइटवर होती, तिथून अजून उत्तर आलेलं नाही.