पॉलिएस्टर घाम पीत नाही, पुढे नेतं

"हे स्पोर्ट्स टी-शर्ट म्हणजे निव्वळ फसवणूक. पॉलिएस्टर म्हणजे प्लास्टिक, ते घाम शोषतच नाही. वरून केमिकल मारतात, ते दोन धुण्यांत निघून जातं. पळायला शंभर टक्के कॉटनच घाला."

ही तुमची तक्रार. त्यातलं पॉलिएस्टर घाम शोषत नाही, हे अगदी खरं आहे. 65 टक्के आर्द्रतेच्या हवेत सुती तंतू स्वतःच्या वजनाच्या साधारण 8 टक्के पाणी आत धरतो, पॉलिएस्टरचा तंतू जेमतेम 0.4 टक्के. पण घाम तंतूच्या आत शिरायची गरजच नसते. समईची वात आठवा. तेल वर चढतं ते कापसाच्या तंतूंमधल्या फटींतून. पॉलिएस्टरच्या एका धाग्यात असे कितीतरी बारीक तंतू शेजारीशेजारी असतात आणि घाम त्यांच्यामधून सरकतो. तो अंगाजवळून बाहेरच्या बाजूला जाऊन मोठ्या भागावर पातळ पसरला की लवकर वाळतो.

गोल, गुळगुळीत तंतूंमध्ये हे सरकणं मंद असतं, म्हणून तंतूचा आकारच बदलतात. वितळलेलं पॉलिएस्टर ज्या छिद्रांतून ओढतात ती छिद्रं गोल न ठेवता अशी कोरतात, की तंतूच्या अंगावर लांबच लांब पन्हळी तयार होतात. ड्यूपाँ कंपनीने 1986 मध्ये आणलेलं कूलमॅक्स याच कल्पनेवर उभं राहिलं. ही पन्हळ धुऊन जाणार कशी? तो तंतूचा आकार आहे.

फिनिशबद्दलची, म्हणजे वरून मारलेल्या केमिकलबद्दलची तक्रार मात्र अर्धी खरी आहे, कारण फिनिश एकाच प्रकारचं नसतं. स्वस्तातलं पाणीप्रेमी सॉफ्टनर शेवटी पॅडिंगमध्ये, म्हणजे कापड द्रावणात बुडवून रुळांमधून पिळताना, वरवर बसवतात, ते थोड्याच धुण्यांत उतरतं. दुसऱ्या प्रकारात रेणूचा एक भाग पॉलिएस्टरसारखाच असतो आणि दुसरा पाणी ओढणारा. रंगाईच्या वेळी 130 अंशांवर पॉलिएस्टर सैलावतं, तेव्हा त्याच्यासारखा भाग पृष्ठभागात रुततो आणि पाणीप्रेमी भाग बाहेर राहतो. हे कायमचं नसलं, तरी बरीच धुणी टिकतं.

मी कापड रंगवणाऱ्या ज्या प्रोसेस हाऊसमध्ये काम करायचो, तिथे एक लॉट रंगाईनंतर उत्तम होता. पाण्याचा थेंब दोन सेकंदांत पसरायचा. मग "हात मऊ हवा", म्हणजे कापडाचा स्पर्श मऊ हवा, म्हणून कापड ताणून वाळवणाऱ्या स्टेंटर यंत्रावर नेहमीचं सिलिकॉन सॉफ्टनर चढवलं आणि तोच थेंब मिनिटभर मोत्यासारखा उभा राहिला. कापड तेच, फटी त्याच, पण वाट बंद. घरी शेवटच्या पाण्यात फॅब्रिक कंडिशनर घातल्यावर हेच होतं. "दोन धुण्यांत गेलं" म्हणणाऱ्यांपैकी अनेकांच्या बाबतीत दोषी तीच बाटली असावी, असं मला वाटतं.

आता कॉटन. मेण काढून स्वच्छ केलेला कापूस थेंब क्षणात ओढतो, त्यात तो कमी नाही. अडचण पुढे येते. तंतू फुगतात, फटी अरुंद होतात, कापड जड होऊन पाठीला चिकटतं आणि वाळायला वेळ घेतं. पळताना शरीराचं तापमान या दोन कापडांमुळे फारसं बदलत नाही. फरक कळतो तो चिकटण्यात, घासण्यात आणि थांबल्यावर भरणाऱ्या हुडहुडीत. हळू चालायला किंवा कोरड्या उन्हात कॉटन छानच आहे. उलट मुंबईच्या दमट हवेत घाम वाळायलाच जागा नसते, तिथे कुठलंच कापड चमत्कार करत नाही.

मिश्रणाचंही तसंच. लेबलवरच्या टक्केवारीपेक्षा कोणता तंतू कुठल्या बाजूला आहे, हे महत्त्वाचं. कापूस आणि पॉलिएस्टर एकाच धाग्यात कातले, तर ओला कापूस त्वचेलाही लागतो. प्लेटिंग करून, म्हणजे दोन वेगळे धागे एकामागे एक ठेवून विणलं, तर आत पॉलिएस्टर आणि बाहेर कापूस ठेवता येतो. दोन्ही बाजूंना पॉलिएस्टरच असेल, तर आत जाड तंतू आणि बाहेर अगदी बारीक तंतू घेतात. बारीक फटींची ओढ जास्त असल्यामुळे घाम आतून बाहेर खेचला जातो. पाठभर रबर प्रिंट मारला, तर ही सगळी मेहनत तेवढ्या भागात वाया जाते.

दुकानदाराच्या शब्दावर विसंबू नका. टी-शर्ट कंडिशनरशिवाय पाच-सहा वेळा धुवा, वाळवा आणि उलटा करून आतली बाजू वर येईल असा भरतकामाच्या रिंगमध्ये ताणा. एक सेंटिमीटरवरून पाण्याचा एक थेंब सोडा आणि त्याची चमक जाईपर्यंत सेकंद मोजा. मग दोन्ही बाजूंचे डाग पाहा. चमक चार-पाच सेकंदांत गेली आणि बाहेरचा डाग आतल्यापेक्षा मोठा निघाला, तर कापड काम करतंय. थेंब तसाच उभा राहिला, तर त्या टी-शर्टपुरती तुमची तक्रार मला मान्य आहे.