हळद एकीकडे लिंबू, दुसरीकडे संत्रं

"दोन वेगळे कॅमेरे असले तरी घाबरू नका. दोन्हीवर व्हाइट बॅलन्स 5600 लावा, एडिटिंगला दोन्हीकडच्या क्लिपवर एकच लट टाका आणि उरलंसुरलं Shot Match वर सोडा. पाच मिनिटांत लग्नाचा हायलाइट एका रंगात." (लग्नसराईत हातोहात फिरणारा सल्ला)

लटपासून, म्हणजे रंग बदलणाऱ्या LUT फाइलपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त नासाडी तिथंच होते. मागच्या मे महिन्यात उदगीरकडे गोरज मुहूर्ताचं लग्न होतं. माझ्या हातात सोनी, S-Log3 या फिक्या लॉग प्रोफाइलवर. जोडीदाराकडे कॅनन, C-Log3 वर. मी हाच सल्ला ऐकून सोनीसाठी बनलेली लट दोन्हींवर टाकली. हळदीचा कट पाहून नवरीची आई म्हणाली, "भाऊ, इथं लेक चांगली दिसायली अन् तिथं कावीळ झाल्यावानी दिसायली की!"

बाईंचं खरं होतं. लट म्हणजे फिल्टर नव्हे, ते एक ठरलेलं भाषांतर असतं: अमुक आकडा आला की अमुक रंग दाखव. S-Log3 मध्ये मधला करडा रंग 41 टक्क्यांवर बसतो, C-Log3 मध्ये 34 वर. त्यामुळे सोनीची लट कॅननची क्लिप पाऊण स्टॉपच्या आसपास कमी उजेडाची समजते आणि चेहरा काळवंडतो. त्यात दोघांचे मूळ रंगही वेगळ्या मापात नोंदलेले असतात. म्हणून पिवळा एकीकडे लिंबाकडे झुकतो, दुसरीकडे संत्र्याकडे.

मग मी सगळं पुसून DaVinci Resolve या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये नव्यानं बसलो. प्रत्येक क्लिपच्या पहिल्या नोडवर Color Space Transform लावला. सोनीला आत S-Gamut3.Cine आणि S-Log3, कॅननला Cinema Gamut आणि Canon Log 3. बाहेर मात्र दोघांना एकच, DaVinci Wide Gamut आणि DaVinci Intermediate. शेवटच्या नोडवर तिथून Rec.709. सगळी दुरुस्ती या दोन टोकांच्या मधे. एवढ्यानंच निम्म्याहून जास्त फरक मिटला. आवडती लट टाकायचीच असेल तर ती त्यानंतर, सगळ्यांवर सारखी. फक्त ती कोणत्या मापासाठी बनलीय ते बघून.

राहिला होता तो उजेड. S-Log3 मध्ये अंधारात दाणे येतात म्हणून मी दीडेक स्टॉप वर ठेवून शूट करतो. जोडीदार तसं करत नाही. हा फरक आधी Offset नं काढला, मगच रंगाला हात लावला. उलटं केलं की रंग दोनदा जुळवावा लागतो.

व्हाइट बॅलन्सबद्दलचं म्हणणं अर्धं पटतं. ऑटोवर ठेवलं तर लाल शालू फ्रेममध्ये आला की क्लिप चालू असतानाच रंग सरकतो, आणि ते मागाहून निस्तरणं म्हणजे छळ. आकडा पक्का ठेवाच. पण केल्विनचा आकडा फक्त निळं-पिवळं सांगतो. हिरवं-गुलाबी वेगळं असतं, आणि दोन कंपन्यांचा 5600 नेमका तिथंच फुटतो. शिवाय आमचा मंडप लाल-पिवळ्या कापडाचा. मी कापडाच्या कडेला, जोडीदार उघड्या बाजूला. तिथं फरक कॅमेऱ्याचा नव्हताच, उजेडाचा होता. मी दोन्ही क्लिपमध्ये आवाजावरून एकच क्षण शोधला, अक्षता पडतानाचा, आणि नवरदेवाच्या पांढऱ्या उपरण्यावर परेड या आलेखातले लाल, हिरवा, निळा सारख्या उंचीवर आणले. क्षण एकच हवा. गोरजाला दहा मिनिटांत उजेड पार बदलतो.

हळदीत मात्र एक फसगत आहे. व्हेक्टरस्कोपवर त्वचेची रेघ असते, तिच्यावर चेहरा आणायचा असं सगळे शिकतात. हळद माखलेला चेहरा त्या रेघेवर नसतोच, नसायलाच हवा. ओढून आणला तर हळदच पुसली जाते. मी हळद न लागलेला मनगटाचा तुकडा रेघेवर आणला, मग Hue vs Hue मध्ये कॅननचा पिवळा थोडा सरकवून सोनीच्या पिवळ्याशी भिडवला.

रिझॉल्व्हमधल्या आपोआप रंग जुळवणाऱ्या Shot Match ला मी नावं ठेवत नाही. दोन्ही फ्रेममध्ये तीच माणसं, तोच उजेड असेल तर सुरुवातीला बरं काम देतो. पण एकीकडे नवरीचा क्लोजअप आणि दुसरीकडे अख्खा मंडप असेल, तर तो मंडपाचं लाल कापडच नवरीच्या गालावर चढवतो.

आणि काही जागी जुळतच नाही. रात्री डीजेच्या जांभळ्या एलईडीखाली माझ्या क्लिपचा निळा चॅनल पार वर जाऊन चपटा झाला होता. त्या चपट्या भागात चेहऱ्याची माहितीच उरत नाही, मग जुळवणार काय? वरातीचा तो भाग मी फक्त जोडीदाराच्या कॅमेऱ्यावरून कापला.